नळी मऊ होते ती तासांनी

मेंढीच्या कोकराची नळी, म्हणजे गुडघ्याखालचा भाग, जनावराच्या चालण्यात सतत राबतो. म्हणून त्यात कोलॅजन भरपूर असतं. मांस सत्तर अंशांच्या आसपास गेलं की तंतू आकसतात, पाणी बाहेर टाकतात आणि नळी चिवट लागते. बरेच जण इथेच घाबरून ओव्हन बंद करतात. खरं तर तेव्हा ती जास्त नव्हे, कमी शिजलेली असते. कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला आतलं तापमान ८५ ते ९५ अंशांवर बराच वेळ राहावं लागतं.

साधारण ३५० ग्रॅमच्या चार नळ्या घ्या. मीठ लावून तेलात सगळीकडून तांबूस परता. जाड भांड्यात कांदा, लसूण, टोमॅटो आणि कपभर पाणी घालून त्यावर नळ्या ठेवा. फॉइल घट्ट बसवून वर झाकण लावा, कारण वाफ निसटली की रस आटतो आणि तळ करपतो. ओव्हन १५० अंशांवर ठेवून तीन तास द्या. दोन तासांनी एकदा उलटवा, पाणी पाहा.

काटा टोचून फिरवल्यावर मांस सहज सुटलं, हाडाचं टोक उघडं पडलं, की झालं. काटा अडला तर अर्धा तास आणखी. बरगड्यांत चरबी जास्त, म्हणून पाणी निम्मंच. अडीच तास पुरतात. रस्सा गार झाल्यावर थिजला तर कोलॅजन उतरलंय असं समजा, आणि वरची चरबी काढूनच गरम करा.