उशिराचा माल आणि लेखी मुदत

करारनाम्यात 'लेखी मंजुरीशिवाय बदल नाही' असे कलम असले की खरेदीदार निर्धास्त होतो. पण त्याच्याच वागण्याने ते ढिले पडते. समजा, भिवंडीच्या कारखानदाराने 12,000 मीटर ग्रे कापड चार हप्त्यांत द्यायचे आहे. उशीर झाल्यास दररोज मीटरमागे 50 पैसे कपात. पहिले दोन हप्ते सहा-सहा दिवस उशिरा आले. खरेदीदार फोनवर 'हरकत नाही' म्हणाला, माल उतरवून घेतला, बिले पूर्ण चुकती केली. तिसऱ्या बिलातून मात्र मागचे 18,000 रुपये कापले!

आमच्या मते ही कपात टिकणे कठीण. 1872 च्या करार कायद्यातील कलम 63 प्रमाणे माल घेणारा मुदत वाढवून देऊ शकतो. कलम 55 सांगते की, मुदत हाच सौद्याचा गाभा असताना उशिराचा माल स्वीकारला, तर भरपाई मागण्याची सूचना स्वीकारतेवेळीच दिली पाहिजे. चलनावर 'उशिराची भरपाई मागणार' एवढे लिहिले असते तरी पुरले असते. फोनवरचे बोलणे कोणी नाकारील, पण पूर्ण चुकती केलेली बिले बोलतात.

कारखानदार बांधवांनी मात्र ही सवलत कायमची समजू नये. पुरेशा अवधीची नोटीस देऊन खरेदीदार उरलेल्या हप्त्यांना मूळ तारखा पुन्हा लावू शकतो.