मास्टर कॅसेटमधला आवाज

व्हिडिओ कॅसेटच्या काळात एका लग्नाच्या दोन कॅसेट तयार होत. कॅमेऱ्यात प्रत्यक्ष चाललेली ती मास्टर. तिच्यावरून कापाकापी करून, गाणी घालून पार्टीला दिली जाई ती मिक्सिंगची कॅसेट. घरोघरी कपाटात जपलेली असते ती दुसरी. पहिली कॅमेरामनकडेच राही आणि बहुतेक वेळा पुढच्या लग्नाला पुन्हा वापरली जाई. निवृत्त कॅमेरामन नातवंडासाठी जुन्या कॅसेटमधून फिल्म करायला बसतो, तेव्हा त्याच्या हाती असलेली खरी संपत्ती ही उरलीसुरली मास्टरच असते.

याचं कारण आवाजात आहे. १९८२च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्तानं भारतात रंगीत दूरदर्शन आलं, त्यामागोमाग व्हीसीआर आले आणि दशक संपेपर्यंत लहान गावांतही खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्यानं लग्नं टिपली जाऊ लागली. कॅमेऱ्याचा माइक वरच बसवलेला असे. बँड, भटजी, पोरांचा दंगा, सगळं त्यात एकत्र शिरे. मिक्सिंग करणारा हा गोंधळ सरळ पुसून त्यावर सिनेमाचं गाणं चढवी. व्हीएचएसच्या फितीवर साधा आवाज एका कडेच्या अरुंद पट्टीत, चित्रापासून वेगळा नोंदलेला असतो, त्यामुळे चित्राला धक्का न लावता आवाज बदलणं सोपं होतं. परिणाम असा, की घरच्या कॅसेटमध्ये माणसं बोलताना दिसतात, पण त्यांचं बोलणं ऐकू येत नाही. हृदयाच्या आकारात उघडणारी चित्रं, गरगर फिरणारी चौकट, गोठवलेलं हसू हे सारं आहे. आजीचा आवाज मात्र नाही.

एक कथा घेऊ. कराडच्या बाजूचा एक कॅमेरामन, वीसेक वर्षं लग्नं शूट करून आता घरी बसलेला. नात आठ वर्षांची. तिनं आपल्या पणजीला, म्हणजे कॅमेरामनच्या आईला, फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. फोटो हार घातलेला, पासपोर्टसाठी काढला असावा असा ताठ. आजोबांच्या मनात नातीसाठी दहा-पंधरा मिनिटांची फिल्म करायचं येतं. त्यांच्या बहिणीचं लग्न १९९१ साली झालं, शूटिंग त्यांनीच केलं होतं. घरात त्याची मिक्सिंगची कॅसेट आहे. तिच्यात हळदीच्या वेळी पणजी काहीतरी ठासून सांगताना दिसते, हात पुढे करून कुणाला तरी थांबवते आणि वर गाणं वाजत राहतं. मास्टर कधीच दुसऱ्या लग्नाला वापरली गेली होती.

पण पुन्हा वापरलेली कॅसेट पूर्ण पुसली गेलेली असतेच असं नाही. ई-१८० म्हणजे तीन तासांची फीत. नवं शूटिंग अडीच तासांवर थांबलं, तर पुढच्या अर्ध्या तासात जुनं तसंच राहतं. म्हणून जुन्या कॅसेटवरचं लेबल वाचून तिला बाजूला टाकू नये, आणि लग्न संपून निळा पडदा आला की प्लेअर बंद करू नये. कित्येक व्हीसीआर सिग्नल तुटला की आपणहून निळा पडदा दाखवतात; मेनूमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर करावी आणि फीत शेवटपर्यंत चालू द्यावी. कथेतल्या आजोबांना हवं ते असंच सापडतं. कॅसेटवर नाव दुसऱ्याच घराचं, साल १९९३चं. ते लग्न संपतं, पडद्यावर काही क्षण रंगांचे पट्टे सरकतात आणि मागून बहिणीच्या हळदीची शेवटची नऊ मिनिटं उगवतात.

अर्थात त्याआधी कॅसेट चालण्याजोगी हवी. सगळ्यात मोठा शत्रू बुरशी. खिडकीतून रिळाकडे तिरका उजेड टाकून पाहिलं, की फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. अशी कॅसेट प्लेअरमध्ये घालायचीच नाही. बुरशी फिरत्या हेडवर बसते, चित्र जातं, आणि पुढे घातलेल्या चांगल्या कॅसेटनाही ती लागते. ती साफ करण्याचं काम वेगळ्या, मोडीतल्या यंत्रावर आणि नाकाला मास्क लावूनच व्हावं. कॅसेट स्वच्छ असेल तर ती आधी एकदा पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवावी. वर्षानुवर्षं एकाच जागी गुंडाळून पडलेली फीत कुठे सैल, कुठे घट्ट झालेली असते, ती सारखी होते. मागच्या कडेचं प्लॅस्टिकचं छोटं पान आधीच मोडून टाकावं, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जात नाही. पूर्वी हे पान मोडलेलं असलं की त्यावर चिकटपट्टी लावून कॅसेट पुन्हा वापरत. ती पट्टी असेल तर काढावी.

प्लेअर मिळणं आता अवघड आहे. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं. त्यानंतर जे आहे ते जुनंच. पंधरा-वीस वर्षं बंद असलेलं यंत्र थेट मोलाच्या कॅसेटवर वापरू नये. आधी एखादी टाकाऊ कॅसेट पाच-दहा मिनिटं चालवून ती बाहेर काढावी आणि फितीची कड चुरगळली नाही ना ते बघावं. ही तपासणी आळस करून टाळण्यासारखी नाही, कारण आवाजाची पट्टी नेमकी त्याच कडेला असते. कड दुमडली, की चित्र धड असूनही बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येतं.

व्हीसीआरमधून संगणकात आणण्याचं काम खऱ्या वेळेतच होतं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास. आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत विणलेलं. हे दोन भाग उलट्या क्रमानं जुळवले गेले, की संथ हालचाल ठीक दिसते, पण अक्षता टाकणारा हात पुढे-मागे थरथरतो. तसं दिसलं तर संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फील्डचा क्रम बदलावा. चित्रात दोष नसतो. चौकट ४:३चीच ठेवावी. आजच्या रुंद टीव्हीला भरून दिसावी म्हणून ती ताणली, की सगळं वऱ्हाड बुटकं आणि जाड होतं. खालच्या कडेला काही रेघा सतत हलताना दिसतात. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड त्या झाकल्या जात, आता उघड्या पडतात. त्यावर काळी पट्टी टाकली की पुरे. दुसरा त्रास चित्र आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकण्याचा. स्वस्त कॅप्चर कार्ड मध्येच चित्रं गाळतं आणि आवाज मागे पडतो. सुरुवातीला जुळलेलं पाहून समाधान मानू नये. कॅसेटच्या शेवटाकडे कुणी टाळी वाजवताना दिसेल तिथे थांबून हात आणि आवाज एकाच वेळी येतात का ते पाहावं.

काही गोष्टी मात्र परत येत नाहीत. त्या काळी लाइटवाला हजार वॅटचा हॅलोजन घेऊन कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राही. बायका डोळ्यांवर पदर घेत आणि समोरचा चेहरा पार पांढरा होई. जिथे पांढऱ्याशिवाय काही नोंदलंच गेलं नाही, तिथे उजेड कितीही कमी केला तरी राखाडी डाग मिळतो, चेहरा नाही. लाल-पिवळे रंग साडीच्या कडेबाहेर ओघळलेले दिसतात, तेही व्हीएचएसचंच. ते दुरुस्त करण्यात आठवडे घालवण्यात अर्थ नाही.

आता संपादन. आजोबांची जुनी सवय चित्र आधी लावायचं आणि मग त्यावर गाणं अंथरायचं. या फिल्मला ती उलटी करावी लागते. ते आधी नऊ मिनिटं पडदा न बघता ऐकतात. कॅमेऱ्याचा माइक जवळच्याचं बोलणं सगळ्यात स्पष्ट घेतो आणि पणजी कॅमेऱ्यापासून दोन हातांवर बसलेली आहे. मिक्सिंगच्या कॅसेटमधला तो थांबवणारा हात इथे बोलका होतो. ‘अगं, आधी पायाला लाव. वरनं कशाला सुरू करतीयास?’ मागोमाग एक तरुण, जरा चिडका आवाज येतो: ‘लाइट खाली घे रे, तिच्या डोळ्यांवर नको.’ तो आवाज आजोबांचा स्वतःचा. सबंध लग्नात ते एकाही चौकटीत नाहीत. इथे आवाजानं आहेत. पूर्वी असे तुकडे आधी कापले जात. नातीच्या फिल्ममध्ये मात्र ते वगळणं खुळेपणाचं ठरेल.

मग चित्र या आवाजांना धरून लागतं. फिल्मच्या सुरुवातीला पडदा काळाच ठेवून दोन सेकंद बायकांची कुजबुज आणि पणजीचं ‘अगं’ ऐकवायचं आणि चित्र त्यानंतर उघडायचं. पुढचा आवाज असा आधी आणला, की पाहणारा ओढला जातो आणि जुन्या फितीतला तुटका जोडही झाकला जातो. आठ वर्षांच्या मुलीला चौकटीतली माणसं ओळखू येणार नाहीत, म्हणून चित्र क्षणभर गोठवून शेजारी नाव: ‘पणजी’, ‘बाबांची आत्या’. जुन्या दिवसांतला एवढा एकच इफेक्ट इथे उपयोगी पडतो. आवाजात सतत घुमणारी गुणगुण वीजपुरवठ्याची, ५० हर्ट्झची. तेवढाच सूर कमी करावा. सबंध आवाज घासून काढला, तर माणसांचा आवाज पत्र्याचा होतो. गाणं लागलंच, तर कुणी बोलत नसेल तिथेच.

मिक्सिंगची कॅसेटही टाकाऊ नाही. मास्टरवरून पुसली गेलेली वरात आणि पंगत फक्त तिच्यात उरली आहे. प्रत ती दुसऱ्या पिढीची, म्हणून जरा मळकट. दोन्हींचे तुकडे शेजारी आले की फरक डोळ्याला टोचतो, तेव्हा त्यांच्यामध्ये एखादा जुना फोटो ठेवावा.

उरतो प्रश्न त्याच कॅसेटवरच्या दुसऱ्या लग्नाचा. नातीला गंमत वाटेल म्हणून त्यातला एखादा नाच फिल्ममध्ये घालावा असा मोह कॅमेरामनला होणं स्वाभाविक आहे. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन फिल्म करवून घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर तिचा पहिला मालक ती करवून घेणारा असतो, कॅमेरामन नव्हे. तेव्हा त्या घरची परवानगी हवी. कथेतले आजोबा तो भाग फिल्मबाहेर ठेवतात. नऊ मिनिटांची अस्सल, न कापलेली फाइल दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर जाते. तयार फिल्म नातीच्या टॅबवर. १९९३च्या लग्नाचे अडीच तास पेनड्राइव्हवर घालून ते त्या घरी पाठवतात, कारण त्यांच्याकडेही असेल ती गाणी चढवलेलीच प्रत.