गोगलगायीची उन्हाळी झोप

मे महिन्यात अलिबाग-रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या कोणत्याही नारळ-सुपारीच्या वाडीत गडग्याचे दगड किंवा पडलेल्या झावळ्या उचलून पाहाव्यात. तिथे तपकिरी पट्ट्यांचे शंख निपचित चिकटलेले आढळू शकतात. ते रिकामे वाटतात, पण तोंडाशी पांढरट पापुद्रा असेल तर आत जीव आहे, असे समजावे. ही मूळची पूर्व आफ्रिकेतली मोठी शंखी गोगलगाय. १८४७ मध्ये ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली.

शंख म्हणजे गोगलगायीचा वाढत जाणारा वाडाच. अंड्यातून बाहेर पडते तेव्हाही तिच्या पाठीवर चिमुकला शंख असतो आणि तोच पुढे शंखाचे टोक म्हणून राहतो. नवी भर फक्त तोंडाच्या कडेला पडते. तिथली मऊ त्वचा चुनखडीचा थर देते. हा थर बाहेरच्या बाजूला जास्त आणि आतल्या बाजूला कमी बसतो, म्हणून नळी वळत जाते. शिवाय तोंड सतत रुंदावते. समजा, प्रत्येक वेढा आधीच्या दीडपट आहे: २ मिलिमीटरचा ३ होतो, मग साडेचार, मग पावणेसात. आकार वाढला तरी घाट तोच राहतो. हे गणित हेन्री मोझली यांनी १८३८ मध्ये मांडले.

हवा कोरडी पडली की ही भर थांबते. गोगलगायीचे अंग ओले असते आणि चालण्यासाठी लागणाऱ्या चिकट स्रावातही पाणी खर्च होते. म्हणून ती आडोसा शोधते, आत सरकते आणि स्रावाचा पापुद्रा तोंडावर वाळू देते. खाणे बंद, हृदयाचे ठोके मंद. मूत्राऐवजी ती घट्ट युरिक आम्ल साठवते, त्यामुळे पाणी वाचते. अशी ती काही महिने काढू शकते. पाऊस पडला की पापुद्रा मोडून बाहेर येते आणि शंखाची भर पुन्हा सुरू होते. थांबलेल्या काळाची आडवी रेघ अनेकदा शंखावर उमटते. मात्र रोज शिंपण होणाऱ्या आळ्यांत ओल टिकते, तिथे ती उन्हाळ्यातही जागी राहू शकते.

बागायतदाराने लक्षात ठेवावे ते हेच. झोपलेली गोगलगाय खात नाही, त्यामुळे विषारी आमिषाच्या गोळ्या तिच्यापुढे निरुपयोगी ठरतात. तिला वेचण्यासाठी मात्र हाच काळ सोयीचा, कारण एक मादी-नर अशी जोडी तिच्यात वेगळी नसते. प्रत्येक प्रौढ गोगलगाय अंडी घालू शकते, तीही एका वेळी शंभराहून अधिक. मृगाआधी वेचलेला एक शंख म्हणजे पावसाळ्यातली तेवढी पिल्ले कमी.

वेचताना हातमोजे घालावेत. तिच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातील कृमीच्या अळ्या असू शकतात. त्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मुलांना हात लावू देऊ नये, पालेभाजी नीट धुवावी. वेचलेल्या गोगलगायी बादलीत मिठाच्या दाट पाण्यात टाकून मग खोल पुराव्यात. मीठ थेट आळ्यात मात्र टाकू नये, त्याने माती बिघडते.