ब्रीफ आलंय, आता त्यात वाचायचं काय?

जाहिरात एजन्सीत नव्याने आलेल्या इंटर्नच्या टेबलावर सगळ्यात आधी येतं ते ब्रीफ. क्लायंटची अडचण काय, बोलायचं कोणाशी, सांगायचं काय, लोकांनी ते का मानावं आणि पैसा व वेळ किती, हे सांगणारं एक-दोन पानांचं टिपण. दिसायला सोपं असतं, म्हणूनच अनेकजण ते नुसतं चाळतात. इंटर्न मंडळी दरवर्षी जे प्रश्न विचारतात, त्यातले काही इथे घेतले आहेत. उदाहरणासाठी एक काल्पनिक ब्रँड धरू: थालीपिठाची भाजणी पाकिटातून विकणारी कोल्हापूरची एक छोटी कंपनी.

ब्रीफ हातात आलं की आधी काय पाहू?

आधी शेवटची ओळ पाहा, म्हणजे बजेट, तारीख आणि मंजुरी देणारा माणूस. त्याला फार वेळ लागत नाही. मग वर ये आणि एकच गोष्ट शोध: ही जाहिरात पाहून कोणी काय वेगळं करायचं आहे? आज तो माणूस काय करतो आणि उद्या त्याने काय करावं, एवढं सापडलं तर पुढचं वाचायला अर्थ आहे.

आपल्या भाजणीवाल्यांचं पहिलं ब्रीफ असं आलं असं समज: ‘ब्रँडची ओळख वाढवणे. टार्गेट ऑडियन्स: 18 ते 45 वयोगटातील शहरी स्त्री-पुरुष. संदेश: परंपरेची चव, आधुनिक जीवनशैलीसाठी, आरोग्यदायी, झटपट आणि परवडणारी. टोन: तरुण पण घरगुती. व्हायरल व्हायला हवं.’

यात चूक काय आहे? सगळं बरोबरच वाटतंय.

सगळं बरोबर वाटतंय हीच अडचण आहे. यातलं एकही वाक्य खोटं पाडता येणार नाही, कारण कुठलंच वाक्य काही ठरवत नाही. 18 ते 45 या पट्ट्यात भाजणी दळून आणणारी आई बसते आणि तिची होस्टेलवर राहणारी मुलगीही. दोघींना एकच गोष्ट कशी सांगणार? ‘आरोग्यदायी, झटपट आणि परवडणारी’ ही तीन वेगळी आश्वासनं आहेत, म्हणजे तीन वेगळ्या जाहिराती. आता कंपनीचं नाव खोडून तिथे इडली मिक्स विकणाऱ्या कंपनीचं नाव घाल. ब्रीफ तसंच्या तसं चालतं. ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते आणि सहसा चुकत नाही.

यापेक्षा कडक परीक्षाही आहे. मनात मुद्दाम तीन कल्पना आण: हसवणारी, आजीची आठवण काढणारी आणि जिममधल्या तरुणाची. यातली कोणती या ब्रीफवर नापास होते? एकही नाही. मग मीटिंगमध्ये निवड कशावर होणार? खोलीतल्या सगळ्यात वरिष्ठ माणसाच्या आवडीवर. क्रिएटिव्हवाले पाचव्यांदा काम बदलत बसतात त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

मग धारदार ब्रीफ कसं दिसतं?

त्याच कंपनीचं हे दुसरं ब्रीफ बघ. ‘पुण्या-मुंबईत नोकरी करणारे, गावाहून आईने दिलेली भाजणी वापरणारे लोक. ती संपली की पुढच्या गावफेरीपर्यंत ते थालीपीठ करतच नाहीत. पाकीट घेत नाहीत, कारण पाकिटातली भाजणी केव्हाची असेल कोण जाणे, तिला वास नसतो, असं त्यांना वाटतं. घरचा डबा रिकामा झाला की त्यांनी आपलं पहिलं पाकीट घ्यावं. सांगायचं एवढंच: ही भाजणी ताजी भाजलेली आहे. आधार: धान्यं वेगवेगळी भाजतात, लहान घाण्यात दळतात आणि पाकिटावर भाजल्याची तारीख छापतात.’

इथे अडचण कुठे अडली आहे ते कळतं. लोकांना थालीपीठ माहीत आहे, आवडतंही. अडतंय ते पाकिटावरच्या अविश्वासापाशी. म्हणून ‘ओळख वाढवणे’ हे काम उरतच नाही. आता मघाच्या तीन कल्पना लाव. जिमवाला लगेच बाद. आजीची आठवणही बहुधा बाद, कारण ती घरच्या भाजणीचीच ओढ वाढवेल आणि पाकीट आणखी परकं वाटेल. हे पहिल्या ब्रीफवरून कोणालाच सांगता आलं नसतं.

या ब्रीफने काय सोडलं तेही मोजून बघ. झटपटपणा सोडला, किंमत सोडली, ज्यांनी भाजणी कधी खाल्लीच नाही असे लाखो लोक सोडले. क्लायंटला सगळ्यात जास्त दुखतं ते हेच.

खऱ्या ब्रँडचं उदाहरण आहे का?

ब्रीफं सहसा बाहेर येत नाहीत, पण चांगल्या जाहिरातीवरून मागे जात ब्रीफचा अंदाज बांधता येतो. कॅडबरी डेअरी मिल्कची 1994 ची फिल्म बघ. ओगिल्वीत पीयूष पांडे यांनी केलेली. फलंदाज षटकार मारतो आणि चॉकलेट खात बसलेली मैत्रीण सुरक्षारक्षकाला चुकवून मैदानात नाचत शिरते. त्या काळी चॉकलेट म्हणजे लहान मुलांना द्यायची गोष्ट. मोठ्यांनी चारचौघांत खायला संकोच वाटायचा. ही फिल्म दुधाबद्दल, चवीबद्दल, किमतीबद्दल काही सांगत बसत नाही. ती फक्त तो संकोच घालवते.

पुढच्या दशकात त्याच चॉकलेटने ‘कुछ मीठा हो जाए’ म्हणत अमिताभ बच्चनना आणलं. तेव्हा काम बदललं होतं. मोठी माणसं चॉकलेट खाऊ लागली होती, आता आनंदाच्या प्रसंगी मिठाईच्या जागी ते यायला हवं होतं. वस्तू तीच, पण अडथळा वेगळा, म्हणून जाहिरातही वेगळी. दुपारी जेवल्यावर रोज एका जाहिरातीवर हा खेळ खेळून बघ.

साठ स्लाइडचं ब्रीफ आलं तर ते धारदार म्हणायचं ना?

लांबीवर जाऊ नकोस. साठ स्लाइडमध्ये बाजाराचे आलेख असतात, पण निर्णय नसतो, असं पुष्कळदा होतं. उलट नेमकं दिसणारं ब्रीफही साफ चुकीचं असू शकतं. ‘लोकांना पाकीट शिळं वाटतं’ हे कोणाला विचारून लिहिलं? किराणा दुकानात जा, भाजणी उचलून परत ठेवणाऱ्या दोन-चार जणांशी बोल. कदाचित कळेल की अविश्वास वगैरे काही नाही, दुकानात मालच येत नाही. तसं असेल तर ते काम वितरकाचं आहे. जाहिरात करून लोकांना रिकाम्या फळीपर्यंत पाठवण्यात हशील नाही.

ब्रीफ ढोबळ आहे हे मी इंटर्न असून सांगायचं कसं?

ढोबळ हा शब्दच काढू नकोस. तुला ब्रीफ जसं समजलं तसं तीन ओळींत लिही: कोण, आज काय करतो आणि का, उद्या काय करावं. ते सर्व्हिसिंगकडे पाठव आणि विचार, ‘मला असं समजलं, बरोबर आहे का?’ एजन्सीत याला रिव्हर्स ब्रीफ म्हणतात आणि यात कोणाचाच अपमान होत नाही. तुझं चुकीचं वाचन दुरुस्त करताना क्लायंटला स्वतःच निर्णय घ्यावा लागतो.

आणि क्लायंट म्हणाला की सगळंच महत्त्वाचं आहे?

मग त्याच्यासमोर एक्स्प्रेसवेवरचं होर्डिंग ठेव. गाडी वेगात जातेय, पाच-सहा शब्दांपलीकडे कोणी वाचणार नाही. त्यांच्या यादीतलं काय ठेवायचं ते त्यांनाच विचार, आणि जे ते आधी खोडतील ते खोडण्याचं कारणही लिहून घे. पुढच्या मीटिंगमध्ये तेच परत टाकायची मागणी येते, तेव्हा ते कारण हाताशी लागतं.