कधीची? कुठून? बोर्डिंग कुठे?

आरक्षणाच्या खिडकीवर पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला काचेपलीकडची व्यक्ती तुटक बोलते असं वाटतं. तिचे प्रश्न दोन-तीन शब्दांचे असतात आणि उत्तर यायच्या आत बोटं कीबोर्डवर गेलेली असतात. पण तिच्या पडद्यावर ठरावीक चौकटी असतात: गाडीचा नंबर, तारीख, वर्ग, कुठून, कुठे. त्यातली एक रिकामी राहिली तर पुढे जाता येत नाही. तिचा प्रत्येक प्रश्न त्यातल्याच एखाद्या चौकटीसाठी असतो.

एक गाडी घेऊन हे बघू. कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस, नंबर 11039. दुपारी कोल्हापूरहून निघते, रात्री पुण्यात येते, मध्यरात्र उलटल्यावर अहिल्यानगरला (बहुतेकांच्या तोंडी अजून नगरच) पोहोचते आणि मनमाड, भुसावळ, अकोल्यावरून नागपूरला जाते. नगरच्या खिडकीवर साठीतले एक गृहस्थ उभे आहेत. त्यांना पत्नीसह पुतणीच्या लग्नाला नागपूरला जायचं आहे. रांग त्यांनी बरोबर धरली आहे, हेही काही थोडं नव्हे. चालू तिकिटाची खिडकी वेगळी आणि आरक्षणाची वेगळी, हे खिडकीपाशी पोहोचल्यावर कळणारे रोज भेटतात. हातात भरलेला फॉर्म आहे. एका फॉर्मवर सहा जणांची नावं चालतात. यांची दोनच आहेत.

‘मॅडम, नागपूर दोन. स्लीपर.’

‘कधीची?’

‘शनिवार रात्रीची. चौदा तारीख.’

‘शनिवारी रात्री बाराच्या आधी ही गाडी नगरला येतच नाही, काका. बारानंतर येते. म्हणजे पंधरा झाली.’

‘पण शनिवारी जेवून निघणार आहोत आम्ही.’

‘जेवून निघा. तिकीट पंधराचं लागेल.’

इथे फसणारे बरेच असतात. आपल्या बोलण्यातली रात्र सूर्य उगवेपर्यंत चालते, रेल्वेची तारीख मात्र बाराच्या ठोक्याला बदलते. फॉर्मवर लिहायची ती तारीख प्रवास जिथून सुरू होतो त्या स्टेशनवर गाडी सुटते तेव्हाची. काकांनी 14 लिहून तिकीट घेतलं असतं, तर ते शुक्रवारच्या जेवणानंतर पकडायच्या गाडीचं निघालं असतं आणि शनिवारी रात्री स्टेशनवर आल्यावर कळलं असतं की आपली गाडी काल पहाटेच गेली. उलटही होतं. तिकिटावर 15 बघून माणूस रविवारी रात्री बॅग घेऊन येतो, तेव्हा गाडी जाऊन जवळजवळ दिवस झालेला असतो. तेव्हा बारा ते पहाटेच्या दरम्यानची गाडी असेल तर खिडकीवर दोन्ही वार सांगावेत: ‘शनिवार-रविवार मधली रात्र’. मॅडम तारीख बरोबर टाकतात.

‘नगर–नागपूर वेटिंग 31. ज्येष्ठांच्या कोट्यातही काही नाही.’

‘कन्फर्म होईल का?’

‘ते मी कसं सांगू?’

हे उत्तर कोरडं वाटलं तरी प्रामाणिक आहे. किती जण तिकीट रद्द करतील हे खिडकीत बसलेल्यालाही ठाऊक नसतं. पण वेटिंगच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं असतं, ते कुठल्या कोट्यातलं आहे. गाडीतल्या बर्थचा मोठा वाटा पहिल्या स्टेशनावरून, म्हणजे इथे कोल्हापूरहून, लांब जाणाऱ्यांच्या जनरल कोट्यात असतो. मधल्या स्टेशनांसाठी मिळून थोडे बर्थ ठेवलेले असतात. तो पूल्ड कोटा. तिकिटावर वेटिंगच्या आधी पीक्यूडब्ल्यूएल छापलं असेल तर आपण त्या छोट्या वाट्याच्या रांगेत आहोत. तिथे रद्द होणारी तिकिटंही मोजकी, त्यामुळे रांग हळू सरकते. जनरलमधलं 31 आणि पूल्डमधलं 31 यांना सारखं समजू नये. म्हणून विचारायचा प्रश्न ‘होईल का?’ हा नसून ‘वेटिंग कुठल्या कोट्यात आहे?’ हा आहे. त्याचं उत्तर पडद्यावर असतं आणि ते मिळतं.

‘पूल्ड आहे,’ मॅडम म्हणतात. मागचा माणूस खाकरतो. ‘कोल्हापूरपासून बघू का? भाडं जास्त पडेल.’

‘बघा ना.’

‘कोल्हापूर–नागपूर आरएसी आहे. बोर्डिंग नगर टाकते. करू?’

एवढ्याशा वाक्यात बरंच काही आहे. तिकीट कोल्हापूरपासूनचं, त्यामुळे मोजणी जनरल कोट्यात. चढायचं मात्र नगरला. पैसे न बसलेल्या अंतराचेही द्यावे लागतात. तरी अंतर वाढतं त्या प्रमाणात भाडं वाढत नाही, कारण लांबच्या प्रवासाला किलोमीटरमागे दर उतरत जातो. आरएसी म्हणजे गाडीत चढायचा हक्क आणि बसायला जागा नक्की: बाजूचा खालचा बर्थ दोघांत, दिवसा बसतो तसा. पैसे मात्र पूर्ण बर्थचे. पुढे कुणी रद्द केलं तर पूर्ण बर्थ मिळतो, नाहीतर नवरा-बायकोने पाय आखडून रात्र काढायची. वेटिंगवाल्याला आरक्षित डब्यात चढायची परवानगीच नाही, तेव्हा काका ‘करा’ म्हणतात ते शहाणपणाचंच.

यात बोर्डिंगचा शब्द राहून गेला तर मात्र सगळं फिसकटतं. कोल्हापूरचं तिकीट आणि बोर्डिंग नोंदवलेलं नाही, तर कोल्हापूर सुटल्यावर टीसीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, आणि तुमची जागा दुसऱ्याला जाऊ शकते. नोंदवल्यावर उलट बंधन येतं: नगरच्या आधी त्या तिकिटावर चढता येत नाही. आणि मघाशी एवढी समजूत घालून 15 केलेली तारीख आता पुन्हा 14 होते, कारण गाडी कोल्हापूरहून निघते शनिवारी दुपारी. हे मॅडम बोलून दाखवत नाहीत, नुसतं टाइप करतात. तिकीट हातात आल्यावर काका 14 बघून गोंधळतात.

‘मॅडम, चौदा पडलीय!’

‘खाली बघा. बोर्डिंग नगर, पंधरा.’

आता ‘वयं बासष्ट आणि सत्तावन्न ना?’ असं विचारून होतं. काकांना सवलतीची आशा असते. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे. खालच्या बर्थसाठी मात्र वय उपयोगी पडतं: साठीचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या बायका एकटे किंवा दोघंच एका तिकिटावर असतील, तर त्यांच्यासाठी काही लोअर बर्थ राखून ठेवलेले असतात. हौसेने तरणा भाचा त्याच फॉर्मवर घातला की तो कोटा लागू होत नाही. अशा वेळी त्याचा फॉर्म वेगळा भरावा. फक्त एका वेळी एका माणसाकडून एकच फॉर्म घेतात, म्हणून दुसऱ्या फॉर्मसाठी भाच्यालाच रांगेत उभं करावं; जागा वेगळ्या डब्यात आल्या तर त्याने कुरकुर करू नये.

‘सुट्टे द्या, काका.’

पैसे मोजण्याच्या आणि तिकीट खिशात घालण्याच्या मध्ये खिडकीवरच तिकीट वाचायचं असतं: गाडीचा नंबर, तारीख, कुठून-कुठे, बोर्डिंग, वयं. चूक तिथल्या तिथे दाखवली तर दुरुस्तीला फार कटकट होत नाही. मागची रांग चुकचुकते, चुकचुकू द्यावी.

खिडकीचं तिकीट कागदाचंच लागतं. मोबाइलवर आलेला मेसेज गाडीत दाखवून चालत नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरच्या तिकिटाचं तसं नसतं. ते आपण स्वतः रद्द करायचं. वेटिंग आणि आरएसी, दोन्हींसाठी गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत मुदत असते. नंतर गेलात तर त्याच खिडकीवर पैसे मिळत नाहीत.