‘बेअरिंग वाजतंय’ हे यंत्राला कसं कळतं?

रिवाइंडिंगच्या दुकानातला मुरलेला मेकॅनिक मोटर चालू करतो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागेवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. दोन-चार क्षणांत निकाल देतो : बेअरिंग वाजतंय, बदला. पण तो वाकून ऐकतो तेव्हा मोटर बहुतेक वेळा आधीच बंद पडून दुकानात आलेली असते. विहिरीवर किंवा कारखान्याच्या कोपऱ्यात ती चालू असते, तेव्हा तिच्याजवळ कान लावून बसायला कुणी नसतं. ही राखण हजार रुपयांच्या आतल्या सामानावर करता येते. मात्र त्यासाठी आधी त्या आवाजात नेमकं काय असतं ते समजून घ्यावं लागतं.

उदाहरण म्हणून लहान पंपांच्या मोटरींत सर्रास आढळणारं ६२०५ नंबरचं बेअरिंग घेऊ. त्यात दोन कड्यांच्या मध्ये नऊ छर्रे फिरतात. बाहेरचं कडं स्थिर असतं, आतलं शाफ्टबरोबर फिरतं. बाहेरच्या कड्यावर बारीकसा खड्डा पडला, की त्यावरून जाणारा प्रत्येक छर्रा एक ठोका देतो. छर्रे शाफ्टइतक्या वेगाने फिरत नाहीत. शाफ्टचा एक फेरा होतो, तेव्हा छर्ऱ्यांचा सुमारे ०.४ फेरा होतो. मिनिटाला १४४० फेरे, म्हणजे सेकंदाला २४. आता ९ गुणिले ०.४ गुणिले २४ केलं, की सेकंदाला सुमारे ८६ ठोके येतात. खड्डा आतल्या कड्यावर असेल, तर ०.४ च्या जागी ०.६ येतं आणि ठोके सुमारे १३० होतात. ग्रीस आटलेल्या बेअरिंगला असा ठरावीक ताल नसतो, नुसती कोरडी खरखर येते.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. मिनिटाला किती टोले पडले ही एक गोष्ट आणि घंटा कोणत्या सुरात वाजली ही दुसरी. बेअरिंगवर ठोके सेकंदाला ८६ पडतात. पण प्रत्येक ठोक्याने मोटरीचं अंग क्षणभर थरथरतं आणि तो सूर बराच उंच, अनेकदा दोन ते सहा हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो. म्हणून स्वस्त माइकवर काम भागतं. आयएनएमपी४४१ हा नखाएवढा माइक ६० हर्ट्‌झच्या खाली नीट ऐकत नाही. पण आपल्याला हवं ते वरच्या पट्टीतच असतं. तो ईएसपी३२ या छोट्या बोर्डाला जोडायचा आणि सेकंदाला १६ हजार नमुने घ्यायचे, म्हणजे आठ हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज हाती येतो. फोनवर रेकॉर्डिंग करण्याचा मोह टाळलेला बरा. अनेक फोन सतत येणाऱ्या घरघरीला ‘गोंगाट’ समजून पुसून टाकतात आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतात. व्हॉइस नोट पाठवली, की उरलेलं बारकावेही दाबले जातात.

पुढची पायरी स्पेक्ट्रोग्रामची. आवाजाचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात कोणता सूर किती जोरात आहे ते मोजायचं आणि त्याचं चित्र काढायचं : आडव्या दिशेला वेळ, उभ्या दिशेला सुराची उंची, उजळपणा म्हणजे जोर. तुकडा केवढा घ्यायचा यावर सगळं अवलंबून असतं, आणि नवखे लोक बहुधा इथेच चुकतात. तयार प्रोग्रॅममध्ये १०२४ नमुन्यांचा तुकडा सर्रास वापरतात. तो ६४ मिलिसेकंदांचा होतो. आपले ठोके साधारण १२ मिलिसेकंदांनी येतात, म्हणजे एकाच तुकड्यात पाच ठोके कोंबले जातात आणि वेगवेगळे दिसेनासे होतात. १२८ नमुन्यांचा, आठ मिलिसेकंदांचा तुकडा घ्यावा आणि दर दोन मिलिसेकंदांनी पुढे सरकावं. मग खराब बेअरिंगच्या चित्रात वरच्या भागात उभ्या उजळ रेघा उमटतात. अर्ध्या सेकंदाच्या चित्रात त्या सुमारे ४३ असतात आणि स्वच्छ रेकॉर्डिंग असेल, तर डोळ्यांनीही मोजता येतात.

हे चित्र २५० रकाने आणि ६४ ओळींचं. ते वाचायला कन्व्होल्यूशनल नेटवर्क लागतं. त्यात तीन बाय तीन चौकटींच्या लहान गाळण्या चित्रभर फिरतात आणि ओळखीचे नमुने शोधतात. पहिल्या थरात ८, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात ३२ गाळण्या, पहिल्या दोन थरांनंतर चित्र निम्मं करायचं आणि शेवटी चार उत्तरं : चांगलं, बाहेरचं कडं, आतलं कडं, ग्रीस आटलेलं. शिकायच्या आकड्यांची संख्या मोजली, तर जेमतेम सहा हजार भरते. तरी तिसऱ्या थरातल्या गाळणीला एका वेळी ३६ मिलिसेकंदांचा पट्टा दिसतो. त्यात बाहेरच्या कड्याचे तीन ठोके मावतात, म्हणून दोन ठोक्यांमधलं अंतर तिला कळू शकतं. सहा हजार आकड्यांना सहा किलोबाइट पुरतात. जागा खातात ती मधली चित्रं : पहिल्याच थराची आठ चित्रं मिळून १२८ किलोबाइट होतात. बोर्डाची एकूण कामाची स्मृती ५२० किलोबाइट असल्याने चित्र अर्ध्या सेकंदाचं ठेवणं शहाणपणाचं.

खरी परीक्षा यानंतर सुरू होते. दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून अर्ध्या सेकंदाची १२०० चित्रं निघतात. ती पिसून काही शिकवायला आणि काही तपासायला ठेवली, तर निकाल ९९ टक्के येऊ शकतो आणि तो फसवा असतो. शेजारशेजारची चित्रं जुळ्या भावंडांसारखी असतात. नेटवर्क बेअरिंगऐवजी त्या दिवशीची खोली, माइकची जागा, बोल्ट किती आवळला होता हेच पाठ करतं. म्हणून विभागणी बेअरिंगनुसार करावी : ज्या बेअरिंगवर तपासायचं, त्याचा एक क्षणही शिकवताना दाखवायचा नाही. दुसरी दक्षता अशी, की चांगलं बेअरिंगही काढून पुन्हा बसवावं. एरवी ‘नुकतीच उघडलेली मोटर’ हीच बिघाडाची खूण ठरून जाते.

नेटवर्क नेमकं कशावर निर्णय घेतं हे पाहण्याचा साधा उपाय आहे. चित्राचा दोन हजार हर्ट्‌झच्या वरचा भाग झाकून पुन्हा विचारावं. उत्तरं तरीही तितकीच बरोबर आली, तर ते बेअरिंग ऐकतच नाहीये, खोलीची गुणगुण ऐकतंय.

मग खोट्या इशाऱ्यांचा प्रश्न येतो. दर दहा मिनिटांनी एक तपासणी, म्हणजे दिवसाला १४४. चांगल्या मोटरीबाबत शंभरातलं एकच उत्तर चुकलं, तरी रोज एक-दोन खोटे इशारे येतील आणि आठवड्याच्या आत कुणीतरी वायर उपटून टाकेल. पण कड्यावरचा खड्डा आज पडून उद्या बुजत नाही. म्हणून दहापैकी आठ तपासण्यांत तेच उत्तर आलं, तरच इशारा द्यावा. शेजारच्या चक्कीचा किंवा पंपात हवा शिरल्याचा आवाज दीड तास चालला, तर मात्र ही युक्तीही फसते. ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरीचा वेग बदलतो, तशी ठोक्यांची संख्याही बदलते. तिथे वेगही सोबत मोजावा लागतो. आणि अगदी सुरुवातीचा बिघाड श्राव्य पट्टीच्या वर असतो, तो या माइकला ऐकूच येणार नाही.

या विषयावर जगभर वापरले जाणारे खुले संग्रह मोजके आहेत. हिताची कंपनीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पंप, पंखे, व्हॉल्व्ह आणि सरकत्या रुळांचे आवाज खुले केले; अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बेअरिंगचा संग्रह कंपनांचा आहे, हवेतल्या आवाजाचा नाही. विहिरीवरच्या, कमीजास्त व्होल्टेजवर चालणाऱ्या मोटरीचा आवाज त्यांतून शिकता येत नाही. तो रिवाइंडिंगच्या दुकानांतच मिळेल. तेव्हा मेकॅनिक मंडळींना आणि त्यांच्याकडे येणाऱ्या आयटीआय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक विनंती : बेअरिंग बदलण्यापूर्वी पाच मिनिटं रेकॉर्ड करा, नवं बसवल्यावर पुन्हा पाच मिनिटं, मग काढलेलं बेअरिंग कापून खड्डा कुठे आहे ते पाहा आणि चिठ्ठीवर लिहून ठेवा.