डावखुरी गोडी: अ‍ॅस्पार्टेमचा रेणू वाचताना

1965 सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सर्ल या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जेम्स श्लॅटर पोटातल्या व्रणांवरच्या औषधासाठी काम करत होते. जठरात आम्ल स्रवायला लावणाऱ्या गॅस्ट्रिन या संप्रेरकाच्या शेपटीकडचा चार अमिनो आम्लांचा तुकडा त्यांना बनवायचा होता. त्याच्या वाटेवर दोन अमिनो आम्लांचा एक छोटा जोड तयार झाला होता. तो मेथॅनॉलमध्ये तापवत असताना थोडासा उसळून चंबूच्या बाहेर आला आणि त्यांच्या बोटांना लागला. पुढे कागद उचलताना त्यांनी बोट जिभेला लावलं, आणि ते गोड लागलं. हाच अ‍ॅस्पार्टेम. साखरेपेक्षा सुमारे दोनशे पट गोड असलेला हा पदार्थ आज डाएट शीतपेयांत आणि चहात टाकायच्या गोळ्यांत असतो.

बी.एस्सी.च्या सेंद्रिय रसायनात पेप्टाइड बंध आणि त्रिमितीय रचना हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात. अ‍ॅस्पार्टेममध्ये ते एकत्र येतात, म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी याच रेणूपाशी बसवते. त्यात पेप्टाइड बंध एकच आहे आणि चार वेगवेगळे गट धरलेले कार्बन दोन. हे दोन्ही कार्बन नीट वाचता आले, तर मोठ्यातलं मोठं प्रथिनही त्याच रीतीने वाचता येतं.

आधी बंध कसा होतो ते पाहू. एका अमिनो आम्लाचा COOH गट आणि दुसऱ्याचा NH₂ गट जवळ येतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि CO–NH असा जोड तयार होतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. हिशोब बरोबर आहे. अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा रेणूभार 133, फिनाइलअ‍ॅलॅनिनच्या मिथाइल एस्टरचा 179. बेरीज 312, त्यातून पाण्याचे 18 वजा केले की 294, आणि तोच अ‍ॅस्पार्टेमचा रेणूभार. पण ही दोन द्रव्यं नुसती एका भांड्यात ढवळली तर हा जोड होत नाही. आम्ल आपला प्रोटॉन अमाइनला देऊन टाकतं आणि हाती लागतो तो साधा क्षार. प्रोटॉन मिळालेल्या नायट्रोजनकडे हल्ला करायला मोकळी इलेक्ट्रॉनजोडी उरत नाही, आणि प्रोटॉन गमावलेला कार्बोक्सिलेट तो हल्ला स्वीकारायला नाखूश असतो.

म्हणून आम्लाला आधी सक्रिय करावं लागतं. त्यासाठीचा एक जुना अभिकर्मक म्हणजे डायसायक्लोहेक्झिलकार्बोडायइमाइड, प्रयोगशाळेच्या बोलीत डीसीसी. तो आम्लाच्या OH ला चिकटतो आणि त्या OH ला सहज निघून जाण्याजोगं रूप देतो. मग अमाइनचा नायट्रोजन कार्बोनिलच्या कार्बनवर येतो, पेप्टाइड बंध होतो आणि डीसीसी पाणी शोषून युरियाच्या जातीचा पदार्थ बनतो. पांढऱ्या साक्याच्या रूपात तो खाली बसू लागला, की क्रिया चालू आहे हे डोळ्यांनी कळतं.

पण अ‍ॅस्पार्टिक आम्लाला दोन COOH आहेत, शिवाय त्याचा स्वतःचा NH₂ही आहे. सगळंच मोकळं ठेवलं तर कोण कोणाशी जोडलं जाईल याला धरबंध राहत नाही. बाजूच्या साखळीतल्या COOH शी जोड झाला तर जो रेणू मिळतो त्याचं सूत्र तेच, रेणूभारही तोच, पण तो गोड नसतो. म्हणून नको असलेले गट झाकून ठेवतात. NH₂ वर बेंझिलऑक्सिकार्बोनिल गट बसवायची युक्ती बर्गमान आणि झर्वास यांनी 1932 साली जर्मनीत काढली. बाजूच्या COOH चा बेंझिल एस्टर करतात. आता फक्त हवा तोच COOH उघडा राहतो. जोड झाला की पॅलेडियमवर हायड्रोजन सोडायचा. दोन्ही झाकणं एकदमच निघतात आणि फिनाइलअ‍ॅलॅनिनचा मिथाइल एस्टर जागच्या जागी राहतो. मला ही योजना फार देखणी वाटते.

आता या रेणूचं चित्र वाचू. कागदावर तो नागमोडी रेषेत काढतात, नायट्रोजनचं टोक डावीकडे आणि एस्टरचं टोक उजवीकडे. अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा मधला कार्बन नागमोडीच्या वरच्या टोकावर येतो आणि त्याची बाजूची साखळी वर जाते. तीन बंध पुढे सरकलं की फिनाइलअ‍ॅलॅनिनचा मधला कार्बन येतो, तो खालच्या टोकावर, आणि त्याची साखळी खाली लोंबते. पहिली साखळी ठळक पाचरीने दाखवलेली असते, म्हणजे कागदातून आपल्याकडे येणारी. दुसरी तुटक पाचरीने, म्हणजे कागदाच्या मागे जाणारी.

इथे वर्गातला बहुतेक जण फसतो. एक पुढे आणि एक मागे, तेव्हा एक एल आणि दुसरं डी, असं उत्तर येतं. ते चूक आहे. दोन्ही एल आहेत. आपण मोजून पाहू.

कार्बनला जोडलेल्या चार गटांना आधी क्रम द्यायचा. थेट जोडलेल्या अणूचा अणुक्रमांक जितका मोठा, तितका मान वरचा. अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या कार्बनवर नायट्रोजन पहिला, हायड्रोजन शेवटचा. मधल्या दोन जागांसाठी दोन कार्बन भांडतात, म्हणून एक पायरी पुढे जायचं. पेप्टाइड बंधातल्या कार्बोनिलच्या कार्बनला ऑक्सिजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन आहेत, कारण दुहेरी बंधातला ऑक्सिजन दोनदा मोजतात. बाजूच्या साखळीतल्या CH₂ ला कार्बन, हायड्रोजन, हायड्रोजन आहेत. कार्बोनिल जिंकतो. बाजूच्या साखळीच्या टोकालाही COOH आहे म्हणून काही विद्यार्थी थबकतात, पण तिथवर जायची गरजच नाही. पहिल्याच फरकाला निकाल लागतो.

आता क्रमाने बोट फिरवा: नायट्रोजन खाली डावीकडे, कार्बोनिल खाली उजवीकडे, साखळी वर. बोट घड्याळाच्या उलट फिरतं. साखळी आपल्याकडे येते आहे, म्हणजे न काढलेला हायड्रोजन मागे आहे, आणि मागे तोच असायला हवा. तेव्हा उत्तर जसंच्या तसं: एस.

फिनाइलअ‍ॅलॅनिनकडे या. क्रम तसाच: नायट्रोजन, एस्टरचा कार्बन, CH₂, हायड्रोजन. इथे नायट्रोजन वर डावीकडे, एस्टर वर उजवीकडे, साखळी खाली. बोट घड्याळाच्या दिशेने फिरतं. पण साखळी मागे गेलेली आहे, म्हणजे हायड्रोजन आपल्या तोंडासमोर आहे. आपण चुकीच्या बाजूने बघतो आहोत, म्हणून उत्तर उलटवायचं: पुन्हा एस. नागमोडी साखळीत एकाआड एक टोक उलटं होतं, म्हणून सगळी एल अमिनो आम्लं असलेल्या पेप्टाइडमध्येही पाचरी आलटून पालटून ठळक आणि तुटक दिसतात. पाचर बघून उत्तर देऊ नका. साखळी वर आहे की खाली, आणि नायट्रोजन कोणत्या हाताला आहे, हे तिच्याबरोबर बघा. कोणी चित्र नायट्रोजन उजवीकडे ठेवून काढलं असेल तर कागद टेबलावर फिरवून घ्या. फिरवल्याने रेणू बदलत नाही. कागद पालथा घालून पाठीमागून बघितलात आणि पाचरी तशाच धरल्यात, तर मात्र आरशातला रेणू वाचला जाईल.

एल म्हणजे नेहमी एस असंही समजू नये. एल हे नाव फिशरच्या उभ्या चित्रावरून आलं: COOH वर, साखळी खाली, आणि NH₂ डाव्या हाताला असेल तर एल. आर आणि एस मात्र अणुक्रमांकांवरून ठरतात. सिस्टीनच्या साखळीत गंधक आहे. तिथे CH₂ ला जोडलेलं गंधक COOH मधल्या ऑक्सिजनपेक्षा जड ठरतं, क्रम बदलतो, आणि गट त्याच जागांवर असूनही एल सिस्टीन आर होतं. ग्लायसीनला तर दोन हायड्रोजन असल्याने डावं-उजवं नाहीच.

आता हे दोन धडे एकमेकांत का गुंतलेले आहेत, तिथे येते. पेप्टाइड बंध होताना तुटतात ते C–OH आणि N–H. मधल्या कार्बनच्या चार बंधांना कोणी हात लावत नाही. म्हणजे आत गेलेलं एस बाहेर एसच यायला हवं. परीक्षेत हेच उत्तर अपेक्षित असतं आणि ते योग्यही आहे. चंबूत मात्र एक चोरवाट असते. आम्ल सक्रिय केल्यावर त्याच रेणूतला नायट्रोजनवरचा कार्बोनिल वळून त्यावर हल्ला करू शकतो आणि ऑक्झाझोलोन नावाचं पाच अणूंचं वलय तयार होतं. त्या वलयात मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल होतो. थोडा अल्कधर्मी पदार्थ असला की तो निघतो, आणि परत येताना कोणत्याही बाजूने बसतो. एल आणि डी यांची सरमिसळ होते. बर्गमान-झर्वास यांच्या जातीचं झाकण नायट्रोजनवर असेल तर हे बरंच टळतं. म्हणूनच पेप्टाइड बनवताना एकेक अमिनो आम्ल झाकून आणतात आणि नायट्रोजनच्या टोकाला जोडत जातात.

सरमिसळ झाली हे कळतं कसं? अ‍ॅस्पार्टिक आम्ल उलटलं तर मिळणारा डी-एल रेणू हा एल-एल रेणूची आरशातली प्रतिमा नसतो, कारण दुसरा कार्बन तसाच राहिलेला असतो. दोघांचे गुणधर्म वेगळे असतात. एनएमआरच्या आलेखात मिथाइल एस्टरच्या एका खुणेऐवजी शेजारीशेजारी दोन खुणा दिसू शकतात, आणि एचपीएलसीच्या साध्या स्तंभावरही दोन शिखरं वेगळी काढता येतात.

कारखान्यांतल्या एका पद्धतीत ही जोखीमच नाही. थर्मोलायसिन हे एन्झाइम खरं तर पेप्टाइड बंध तोडणारं. पण जोड तयार होताच तो क्षाराच्या रूपात पाण्यातून खाली बसत गेला, तर तेच एन्झाइम बंध जोडत राहतं. फिनाइलअ‍ॅलॅनिन एस्टरचं एल-डी मिश्रण दिलं तरी ते एलच उचलतं, आणि बाजूच्या साखळीतल्या COOH कडे वळतही नाही.

चार त्रिमितीय रूपांपैकी गोड फक्त एल-एल. आपल्या जिभेवरचा ग्राही स्वतः एल अमिनो आम्लांचा बनलेला आहे. डाव्या हातमोज्यात उजवा हात बसत नाही, तसं इतर रूपांचं होतं.

हा रेणू शिऱ्यात किंवा हलव्यात घालून शिजवू नये. उष्णतेने त्याचं मोकळं अमाइन स्वतःच्याच एस्टरवर हल्ला करतं, मेथॅनॉल बाहेर पडतं, वलय तयार होतं आणि गोडी जाते. पोटात गेल्यावर पचनक्रिया त्याचा पेप्टाइड बंध तोडते आणि एल फिनाइलअ‍ॅलॅनिन सुटं होतं. फिनाइलकेटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ते पचवता येत नाही, म्हणून डाएट पेयाच्या डब्यावर त्यांच्यासाठी इशारा छापलेला असतो.